लक्षणांचा पहिला दिवस मोजायचा कसा: शून्य की एक?

विलगीकरणाचे दिवस मोजताना लक्षणे दिसली तो दिवस शून्य धरावा की एक, यावरून करोनाच्या काळात अनेक घरांत वाद झाले. माझे मत स्पष्ट आहे: तो दिवस शून्यच धरला पाहिजे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, डिसेंबर २०२१ च्या अखेरीस विलगीकरण दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणले. लक्षणे सुरू झाली तो दिवस शून्य आणि त्यानंतरचा पहिला पूर्ण दिवस एक, असे त्या नियमात मोजले जात होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला रविवारी, ९ जानेवारी २०२२ रोजी, रात्री दहाच्या सुमारास कणकण जाणवली आणि दुसऱ्या दिवशी चाचणी पॉझिटिव्ह आली. रविवार शून्य धरला तर पाचवा दिवस शुक्रवारी, १४ तारखेला येतो. तो पूर्ण घरात काढायचा आणि ताप नसेल, इतर लक्षणेही उतरली असतील, तर शनिवारी मास्क लावून बाहेर पडायचे. तिच्या कार्यालयाने मात्र रविवार हाच पहिला दिवस धरला आणि तिला शुक्रवारी सकाळी कामावर बोलावले. त्या हिशेबात रविवारचे उरलेले दोन तास एक अख्खा दिवस म्हणून जमा झाले आणि नियमातील पाच दिवसांचे प्रत्यक्षात चार दिवस नि दोन तास उरले.

शून्य धरण्याचे खरे कारण हेच आहे. लक्षणे कोणत्या तासाला सुरू झाली हे बहुतेकांना सांगता येत नाही. तारीख तेवढी सांगता येते. शून्यापासून मोजले तर लक्षणे पहाटे सुरू झालेली असोत की मध्यरात्रीच्या तोंडावर, पाच पूर्ण दिवस मिळतातच, आणि चूक झाली तर ती काही तास जास्त थांबण्याची होते. एकापासून मोजले तर चूक नेहमी कमी थांबण्याच्या बाजूला पडते, आणि तिची किंमत घरातल्या किंवा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मोजावी लागते. मुदत दहा दिवसांची होती तेव्हा हा फरक एक दशांशाहून मोठा नव्हता. ती पाचवर आल्यावर तो एक पंचमांशापर्यंत गेला, आणि ओमायक्रॉनच्या लाटेत पाचव्या दिवशीही अनेकांची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह येत होती. त्या टप्प्यावर एक दिवस सोडून देणे मला मुळीच पटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आपले डॉक्टर ताप आला त्या दिवसाला आजाराचा पहिला दिवस म्हणतात, मग नियमाने शून्य का म्हणावे? दोघेही बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. मुलाला पाचवे लागले म्हणजे त्याची पाच वर्षे पूर्ण झाली, असे आपण कधी म्हणत नाही. डॉक्टरांना चालू दिवस हवा असतो, कारण कोणत्या दिवशी ऑक्सिजनकडे अधिक लक्ष द्यायचे हे त्यांना ठरवायचे असते. विलगीकरणाला पूर्ण झालेले दिवस हवे असतात. घोटाळा होतो तो फाइलवरचा ‘पाचवा दिवस’ उचलून सुट्टीच्या अर्जात ‘पाच दिवस झाले’ असा लिहिला जातो तेव्हा.

शून्य कोणत्या दिवसावर ठेवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शनिवारी घसा खवखवत असेल आणि ताप रविवारी आला असेल, तर शून्य शनिवारी येते. तापाची वाट पाहायची नसते. लक्षणे नसताना चाचणी पॉझिटिव्ह आली तर चाचणीचा दिवस शून्य धरायचा, पण पुढे दोन-तीन दिवसांत लक्षणे दिसली तर मोजणी त्या दिवसापासून पुन्हा शून्यावर आणायची. ही दुसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटत असे. आपल्याकडे जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनेत सौम्य रुग्णांसाठी चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसणे, अशा दोन्ही अटी होत्या. तरी सातचा आकडा पूर्ण झाला की दुसरी अट विसरून लोक बाहेर पडत.

इंग्लंडच्या सूचनेतील मांडणी मला सर्वांत चांगली वाटली. दहा दिवसांची मुदत होती तेव्हा त्यांनी ‘लक्षणे सुरू झाली तो दिवस आणि त्यापुढील दहा पूर्ण दिवस’ असे लिहिले होते, आणि सोबत उदाहरण दिले होते की १५ तारखेला लक्षणे सुरू झाली तर विलगीकरण २५ तारखेच्या रात्री ११:५९ ला संपते. शून्य हा शब्द न वापरताही हिशेब तोच राहतो.

करोनाचे ते नियम आता राहिले नाहीत, पण गोवरात हाच प्रश्न उभा राहतो. पुरळ उठल्यानंतर चार दिवस मूल इतरांपासून वेगळे ठेवायचे असते आणि पुरळ उठले तो दिवस शून्य असतो. पुरळ १० तारखेला दिसले तर १४ तारीख संपेपर्यंत मूल घरी राहील आणि शाळेत १५ तारखेला जाईल. पालकांच्या हाती दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर ‘चार दिवस’ लिहिण्याऐवजी ‘१४ तारखेच्या रात्रीपर्यंत घरी’ एवढे लिहावे, अशी माझी डॉक्टरांना आणि शाळांना विनंती आहे.