स्वतःचं मन दहा मिनिटांत कसं ओळखावं

इतकी वर्षं स्वतःच्याच सोबत काढलीत, तरी म्हाताऱ्या माणसांबद्दल तुमच्या मनात खरं काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. असो. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अव्यक्त पूर्वग्रहाची चाचणी मांडली तेव्हापासून ही अडचण दूर झालेली आहे. ती इंटरनेटवर फुकट देता येते. कृती सांगतो.

डावं बोट E या बटणावर ठेवा, उजवं I वर. पडद्यावर तरुण चेहरा किंवा चांगला शब्द आला की E, म्हातारा चेहरा किंवा वाईट शब्द आला की I. जमेल तितकं पटापट. मग जोड्या फिरतात: म्हातारा चेहरा चांगल्या शब्दासोबत, तरुण चेहरा वाईट शब्दासोबत. इथे बोट अडखळतं. पहिल्या फेरीत सरासरी ७२० मिलिसेकंद लागले आणि आता ८०० लागतायत, म्हणजे ८० मिलिसेकंद जास्त. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, पण खोट पकडायला तेवढं पुरे.

हा फरक थेट गुण होत नाही, ढोबळमानाने त्याला तुमच्या वेगातल्या चढउताराने भागतात. तुमचा चढउतार २०० असेल, तर ८० भागिले २०० म्हणजे ०.४०. ०.३५ च्या पुढे 'मध्यम', ०.६५ च्या पुढे 'तीव्र'. म्हणजे तुम्ही मध्यम. आता शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचाही फरक बरोबर ८० च आहे समजा, फक्त त्याचं बोट एका लयीत पडतं आणि चढउतार १२० च आहे. त्याचा गुण ०.६७, म्हणून तो तीव्र पूर्वग्रही. तिसरा जांभया देत, मधेच मोबाइल बघत चाचणी देतो, त्याचा चढउतार ४००. त्याचा गुण ०.२०, 'सौम्य'. तेव्हा समतोल मनाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर आदल्या रात्री जागरण करायला हरकत नाही. (भागाकारामागे कारण आहे, मुळातच संथ बोटांच्या माणसावर अन्याय होऊ नये. हेतू चांगलाच होता.)

आणखी एक. ज्या जोड्या आधी येतात त्या बोटांना थोड्या सोप्या जातात, कारण नंतर आधीची सवय मोडावी लागते. म्हणून निम्म्या लोकांना एक क्रम देतात, निम्म्यांना उलटा. हजारो लोकांच्या सरासरीत हा परिणाम फिटून जातो. तुम्ही मात्र एकटे आहात आणि तुमच्या वाट्याला एकच क्रम आलेला आहे. पण निकालावर नाव तुमचं आहे, हजारोंचं नाही, त्यामुळे एवढ्या खोलात शिरू नका.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: चाचणी एकदाच द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिलीत आणि फरक २४ वर आला, तर गुण ०.१२, म्हणजे 'पूर्वग्रह जवळपास नाही'. आठ दिवसांत तुम्ही संत झालात असं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या गुणांतला सहसंबंध साधारण ०.५ भरतो, दोन्ही खेपा तंतोतंत जुळल्या तर तो १ भरला असता. वजनकाट्याने आज साठ आणि उद्या बहात्तर किलो दाखवलं, तर आपण काटा दुरुस्तीला देतो. इथे माणूस दुरुस्तीला द्यायची पद्धत आहे.

चाचणीत काहीच नसतं असंही समजू नका. खूप लोकांची सरासरी काढली की चित्र स्थिर दिसतं: तरुण चेहरा आणि चांगला शब्द ही जोडी बहुतेकांना सोपी जाते. गंमत म्हणजे वयस्कर लोकांनाही. आता या आजीआजोबांना स्वतःचा तिटकारा आहे, की आयुष्यभर कानावर पडलेलं बोटांपर्यंत पोचलंय, हे मिलिसेकंदांवरून कसं ठरवायचं? तुमच्याबाबतीतही नाही ठरवता येत. 'मला ही जोडी माहीत आहे' आणि 'मला ही जोडी पटते' या दोन्हींना बोट सारखंच अडखळतं.

ग्रीनवाल्ड, महजरीन बनाजी आणि ब्रायन नोसेक या चाचणीच्या कर्त्याधर्त्यांनीच २०१५ मध्ये लिहिलं, की अमुक माणूस भेदभाव करील असा शिक्का मारायला हे मोजमाप वापरणं अडचणीचं आहे. गुण आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंधही अशक्तच निघतो. अनेक अभ्यासांच्या २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात तो ०.१५ च्या आसपास होता. पण कर्त्यांचं ऐकायचं तर मग चाचणीची मजा काय राहिली?

तेव्हा सहकाऱ्याचा 'तीव्र' निकाल हाती लागला, तर तो जपून ठेवा, बढतीच्या वेळी कामाला येईल. तो वयस्कर माणसांशी रोज कसा बोलतो, त्यांचं काम अडवतो का, हे बघत बसायला महिने लागतात. स्वतःचा निकाल मात्र 'जवळपास नाही' येईपर्यंत चाचणी देत राहा, आणि स्क्रीनशॉट पाठवताना ही कितवी खेप होती ते सांगू नका.