न्हाणीच्या जाळीचा वास सोड्याने जात नाही

"बाथरूमच्या जाळीतून वास येतोय? रात्री अर्धी वाटी खायचा सोडा टाका, वर कपभर व्हिनेगर, मग उकळतं पाणी ओता. गुडगुड आवाज आला की समजायचं पाइप साफ होतोय. जाळीवर दोन डांबरगोळ्या ठेवल्या की महिनाभर बघायला नको. सगळ्यांना पाठवा."

माझ्या मावशीने हे ओळीने तीन रविवार केलं. दर वेळी वास जायचा आणि गुरुवार-शुक्रवारपर्यंत परत यायचा. म्हणजे उपाय लागू पडत होता, पण का पडत होता ते कुणी पाहिलं नव्हतं.

जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात कायम थोडं पाणी साठून राहायला हवं. साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा हा पडदा गटाराची हवा घरात येऊ देत नाही. पाणी ओसरलं की वास थेट वर येतो. मावशीच्या सोड्याने काहीच केलं नव्हतं. मागून ओतलेल्या पाण्याने ट्रॅप भरत होता, एवढंच. नळाचं साधं पाणी ओतलं असतं तरी तेवढंच काम झालं असतं.

सोडा आम्लारी आणि व्हिनेगर आम्ल. दोन्ही भिडले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं ते किंचित खारट पाणी. केस आणि साबणाचा चिकट थर त्याने सुटत नाही. उकळतं पाणी तर ओतूच नका. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि लाद्यांखाली सुटलेला सांधा खालच्या घराच्या छतावर ओल येईपर्यंत कळत नाही.

मग मावशीकडचं पाणी चार दिवसांत जात कुठे होतं? वापरातल्या न्हाणीतलं पाणी इतक्या लवकर वाळत नाही. जाळी काढली, आतली वाटी उचलली आणि बॅटरी मारली. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या काठावर केसांचा झुपका आडवा पडला होता. त्याचं एक टोक ट्रॅपच्या पाण्यात आणि दुसरं पलीकडे पाइपात लोंबत होतं. दिव्यातली वात तेल ओढते तसे हे केस पाणी ओढून थेंबाथेंबाने पलीकडे सोडत होते.

सफाई हातानेच करावी लागते. रबरी हातमोजे घालून केस बाहेर ओढायचे, आत ढकलायचे नाहीत. तळाचा काळा गाळ जुन्या डावाने उपसायचा. वाटी आणि आतल्या भिंती भांड्यांचा साबण लावून ब्रशने घासायच्या, कारण वासाचा बराच भाग त्या बुळबुळीत थरातच असतो. मग बादलीभर पाणी ओतून वाटी आठवणीने जागेवर बसवायची. पाणी हळू जातं म्हणून वाटी काढून टाकलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत. या जातीच्या ट्रॅपमध्ये वाटीचा काठ पाण्यात बुडलेला असतो म्हणूनच वाट बंद राहते. वाटी गेली की पडदाच गेला. घासताना ॲसिड वापरलं असेल तर त्यावर ब्लिचिंग पावडर कधीही टाकू नका, क्लोरिन वायू सुटतो.

रात्री सगळे झोपल्यावर पाण्याची पातळी कुठे आहे ते बघून ठेवायचं आणि सकाळी पहिली बादली ओतण्याआधी पुन्हा बघायचं. मावशीकडे आठवडाभर पातळी हलली नाही, वासही आला नाही. तुमच्याकडे केस काढूनही रात्रीत उतरली, तर ट्रॅपला तडा असू शकतो. तिथे प्लंबरच लागेल.

आता तो गुडगुड आवाज. पाइप साफ होत असल्याची ती खूण मुळीच नव्हे. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाइपातून पाणी जोरात खाली जातं आणि मागून हवा मागतं. हवा गच्चीवरच्या हवेच्या नळीतून यायला हवी. ती नळी पाल्याने किंवा पक्ष्याच्या घरट्याने तुंबली असेल, तर हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि पडद्याचं पाणीही तिच्याबरोबर जातं. असा आवाज आला की आधी गच्चीवर जाऊन नळीचं तोंड बघा. तुमचीच बादली ओतल्यावर गुडगुडत असेल आणि पाणी हळू उतरत असेल, तर मात्र तुमच्या ट्रॅपच्या पुढे पाइपात काहीतरी अडकलंय.

डांबरगोळ्यांबद्दल मला खरंच काळजी वाटते. त्या वास झाकतात, पाणी भरत नाहीत. बऱ्याच गोळ्यांत नॅफ्थलीन असतं, आणि बंद न्हाणीत त्याची वाफ कोंडते. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. बाळाला जिथे आंघोळ घालता, तिथल्या गोळ्या आजच काढा.

पाहुण्यांची न्हाणी महिनोन्महिने बंद असेल तर तिथलं पाणी खरोखर वाळतं. आठवड्याला दोन तांबे पाणी ओता. गावाला जाणार असाल तर ट्रॅप भरून वर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. औषधाच्या दुकानात मिळतं, आणि त्याचा तवंग पाणी उडू देत नाही.