पंचवीस लाख नम्रपणे कसे स्वीकारावेत

व्हॉट्सॲपवर निरोप आला आहे: 'कौन बनेगा करोडपती'च्या सिमकार्ड लकी ड्रॉमध्ये तुमच्या नंबराला 25 लाख रुपये लागले. अभिनंदन! तुम्ही तिकीट काढलं नव्हतं, कुठे नावही नोंदवलं नव्हतं. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी जुन्या वळणाची, तिला आधी तिकीट लागतं.

नंबर +92 ने सुरू होतो, तिकडे काणाडोळा करा. हा पाकिस्तानचा कोड, पण शेजारधर्म म्हणून काही असतो. अमिताभ बच्चन यांचा फोटो आणि गोल शिक्का असलेल्या त्या चित्रावर 'फक्त व्हॉट्सॲप कॉल करा' असंही बजावलेलं असतं. साधा फोन लावलात तर आयएसडीचा खर्च अंगावर येईल आणि उगाच शंकेची पाल चुकचुकेल. तुमची किती काळजी!

आता 'लॉटरी मॅनेजर' प्रोसेसिंग फी मागेल. समजा, 12,500. भरा. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे 28,000 निघतील. तेही भरा, कारण आता थांबलात तर आधीचे 12,500 बुडाले ना! मग करापोटी 65,000. इथे माणूस हमखास अडखळतो, पण 40,500 गेलेले असताना मागे फिरायचं म्हणजे घरी काय सांगायचं? रक्कम अशी पायरीपायरीने चढते ती याचसाठी. पहिल्याच दिवशी 1,05,500 मागितले असते तर तुम्ही फोन ठेवला असता.

'ही फी बक्षिसातूनच कापून घ्या की' असं मात्र चुकूनही म्हणू नका. आयकर कायद्याप्रमाणे रोख बक्षिसावरचा 30 टक्के कर देणाराच कापतो, म्हणजे साडेसात लाख वजा होऊन उरलेले साडेसतरा लाख तुमच्या हाती यायला हवेत. विजेत्याने आधी पदरचे भरायचे, असं त्यात कुठेच नाही. पण मॅनेजरला असल्या बारकाव्यांचा त्रास होतो.

पैसे ज्या खात्यात जातात ते कंपनीचं नसून कुठल्याशा गावातल्या माणसाचं बचत खातं असतं. कमिशनवर भाड्याने दिलेलं. नाव वाचत बसू नका. 'बक्षीस जमा करायला यूपीआय पिन टाका' म्हटलं की टाका. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, ही माहिती त्या क्षणी आठवणं धोक्याचं.

आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन तर मुळीच करू नका. तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाऊ शकतात, बिचाऱ्यांची सगळी मेहनत वाया. दोन-चार दिवस लाजत गप्प बसा, तोवर एटीएममधून सारं निघून जाईल.

महिन्याभराने आणखी एक फोन येईल. 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे 1,05,500 सापडलेत. परत मिळवायला फक्त 4,999 रुपये फाइल चार्ज.' तुमचा नंबर त्यांनी जपून ठेवलेला असतो.