सदर इसम मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे

शेफ, तुमच्या इंडियन सेक्शनचा पोरगा अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट कोर्सला अर्ज करतोय आणि त्याला तुमचं शिफारसपत्र हवंय. तर आधी नुसतं ‘बघू’ म्हणा. द्राक्षाचा हंगाम सुरू आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या वाइनरी बघून थेट गंगापूर रोडला आपल्या दारात उभ्या राहतात. अशा वेळी ग्रेव्हीवाला हातचा सोडतं कोण? ‘मार्च उलटला की देतो’ म्हणा. अर्जाची मुदत फेब्रुवारीतच संपत असेल, तर ती काही तुम्ही ठरवलेली नाही.

तरीही मागे लागलाच, तर मजकूर त्यालाच टाइप करून आणायला सांगा. स्वतःची तारीफ करताना पोरगा लाजेल, म्हणून सुरुवात आपण सांगावी: ‘सदर इसम मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर व मनमिळाऊ आहे.’ हे वाक्य वॉचमनला चालतं, ड्रायव्हरला चालतं, मग कुकला का चालू नये? पुढे ‘स्वयंपाकाची मनापासून आवड’ जोडा. नावड असलेले अर्जदार कोर्सवाल्यांकडे रांगा लावून उभे असतात, त्यांच्यातून हा उठून दिसेल.

हुद्दा वाढवून द्यायला पैसे पडत नाहीत. तो कमी वन, म्हणजे हाताखालचा कुक आहे; तुम्ही सीडीपी, म्हणजे सेक्शनचा प्रमुख लिहा. मुलाखतीत कुणी विचारलं की तुझ्या हाताखाली किती जण, इंडेंट कोण काढतं, ड्यूटी कोण लावतं, की पोरगा गप्प होईल आणि पत्रातल्या खऱ्या गोष्टीसुद्धा खोट्या वाटू लागतील. पण तोवर तुमची सही वाळलेली असेल.

आता चुकूनही काय लिहायचं नाही, ते ऐका. कांद्याचं लिहू नका. चाळीतला उन्हाळ कांदा संपून बाजारात नवा लाल कांदा आला, की आपल्याकडच्या ब्राऊन ग्रेव्हीचं गणित बिघडतं. लाल कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तेवढेच 10 किलो कढईत टाकले तरी रंग यायला वेळ लागतो आणि भाजलेला माल कमी उतरतो. बाकीची पोरं आच वाढवतात. कडा करपतात, आतला कांदा कच्चाच राहतो आणि ग्रेव्ही कडवट होते. शिवाय टोमॅटो कार्डावर लिहिलाय तेवढाच पडतो, म्हणजे वरून आंबटही. हा पोरगा काय करतो? कच्चा कांदा तोलून थांबत नाही, भाजून उतरलेला पुन्हा तोलतो आणि टोमॅटो त्या वजनावर धरतो. रेसिपी कार्डाच्या कडेला पेन्सिलीने दोन्ही कांद्यांचे आकडे मांडून ठेवलेत. तुम्ही ते कार्ड रोज बघता. पत्रात आणलंत, तर वाचणाऱ्याला कळेल की याला यील्ड समजतं. कशाला उगाच!

रात्रीचंही लिहू नका. पूर्वी उरलेली ग्रेव्ही भरल्या पातेल्यानिशी वॉक-इनमध्ये जायची. वरून गार लागायची, पण मधोमध पहाटेपर्यंत कोमट, आणि सकाळी झाकण काढलं की बुडबुडे आणि आंबूस वास. मग दोष फ्रिजवाल्याला. हा आल्यापासून ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये दोन बोटं उंचीपर्यंत पसरतो, ट्रे बर्फात ठेवतो आणि प्रोब घालून बघतो. 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत यायला हवी, तिथून 5 वर पुढच्या चार तासांत. दोन तासांत 21 ला आली नाही, तर पुन्हा कडक उकळून नव्याने गार करायला घेतो किंवा फेकतो, आणि तसं वहीत लिहितो. फेकल्याची नोंद करणारा कुक म्हणजे फूड कॉस्टचा शत्रूच की! त्या वहीचं एक पान पत्राला जोडलं असतंत, तर विशेषणांची गरजच उरली नसती. पण विशेषणं फुकट मिळतात, झेरॉक्सला पैसे पडतात.

त्याचं काय कच्चं आहे, हे तर मुळीच सांगू नका. बेकरीत तो कधी उभा राहिलेला नाही आणि मेन्यूची किंमत काढायला बसवलं तर गांगरतो. हे प्रामाणिकपणे लिहिलंत, तर कोर्स त्याला नेमका कशासाठी हवाय ते वाचणाऱ्याला कळून जाईल. त्यापेक्षा ‘सर्व विभागांत पारंगत’ लिहा. मग पारंगत माणसाला शिकायला कशाला पाठवताय, असं कुणी विचारलंच तर ‘आवड’ आहेच.

राहिला फोन नंबर. तो द्या, पण हॉटेलच्या रिसेप्शनचा. कोर्सवाल्यांनी चौकशीला शनिवारी रात्री नऊला फोन करावा, रिसेप्शनवाल्याने ‘शेफ बिझी आहेत’ सांगावं आणि तुम्ही पासवरून ओरडावं, ‘अरे, तो ग्रेव्हीवाला कुठे गेला?’