केशरी मुळं आणि ‘डोक्यातली उष्णता’

“ब्लीचनंतर मुळं केशरी झाली म्हणजे डोक्यात उष्णता साठली आहे. पुढच्या वेळी मुळांना सगळ्यात आधी 40 व्हॉल्यूमचं ब्लीच लावा, वर प्लास्टिकची टोपी घाला. तरी केशरी राहिली तर परत ब्लीच करा. बोअरच्या खाऱ्या पाण्यानंही असं होतं.”

परभणीच्या मामेबहिणीनं हा मेसेज पाठवला, वर “ताई, रविवारी घरीच करू का?” अगं बाई, थांब.

40 व्हॉल्यूम म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. युरोपीय संघाच्या 1223/2009 क्रमांकाच्या नियमावलीत केसांच्या उत्पादनांसाठी हीच कमाल मर्यादा आहे. ती थेट टाळूवर, तीही टोपीखाली कोंडून? टाळू भाजेल, फोड येतील. आणि मुळं केशरी होण्याचं जे कारण, तेच या उपायानं वाढतं.

उष्णतेची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजानं मान्य करते. पण ती पित्ताची नव्हे, अंगाची साधी ऊब. तिच्यामुळे टाळूलगतच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर केसांत ब्लीच भराभर चालतं. काळ्या केसातला गडद रंग आधी तुटतो, तांबूस-पिवळा चिवटपणे मागे राहतो. म्हणून लांबी, म्हणजे मुळांखालचे बाकीचे केस, अजून तपकिरी असते तेव्हा मुळं केशरी होऊन चमकत असतात. लांबीवर जुना डाय असेल तर ती आणखीच मागे राहते.

म्हणजे क्रम उलटा हवा. बहिणीचे केस काळे, खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले. तिनं टाळूपासून दोन सेंटीमीटर सोडून आधी लांबीला ब्लीच लावायचं, 20 व्हॉल्यूममध्ये, म्हणजे 6 टक्क्यांत. एक बट पुसून बघायची. लांबी केशरी-पिवळ्याकडे झुकली की मुळांसाठी नवं मिश्रण कालवायचं, तेही 20 व्हॉल्यूमचंच. टोपी नाही, ड्रायर नाही. दर पाच मिनिटांनी बट पुसायची आणि मुळं लांबीशी जुळली की लगेच धुवायचं. टाळू भाजायला लागली तर जुळायची वाट न बघता धुवायचं. मेहंदी किंवा काळी मेहंदी लावलेली असेल तर आधी एका बटेवर चाचणी हवीच. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, ब्लीचशी गाठ पडली की केस तापतात आणि तुटतात.

पाण्याचं म्हणाल तर बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीच बिघडू शकतं. पण ते पाणी सगळ्या केसांवर पडतं, आणि लांबीवर तर वर्षानुवर्षं. मग नेमकी मुळंच का केशरी?

मुळं आधीच केशरी झाली असतील तर परत ब्लीच नको, ती आणखी उजळतील. फक्त मुळांना लांबीपेक्षा एक छटा गडद टोनर, म्हणजे उजळलेल्या केसांची झाक बदलणारा रंग, लावायचा. केशरीवर निळ्या झाकेचा, पिवळ्यावर जांभळ्या. लांबीशी जुळलं की धुवायचं.