जर्नलातली अ‍ॅनॉफिलीसची मादी: आकृती काढण्याची सोपी पद्धत

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरची परीक्षक म्हणून नुकतीच नवी मुंबईतील एका महाविद्यालयात गेले होते. तेथे टेबलावर रचलेली जर्नले चाळताना असे लक्षात आले की, परजीवी आणि कीटक यांच्या आकृत्या काढण्याचे एक नवे शास्त्र आपल्या भागात विकसित झाले आहे आणि त्यात सूक्ष्मदर्शकाची गरज उरलेली नाही. ज्यांना हे शास्त्र अजून अवगत झालेले नसेल, त्यांच्या सोयीसाठी त्याचे नियम येथे देत आहे.

सर्वप्रथम, स्लाइड पाहू नये. मागील वर्षाच्या एखाद्या ‘चांगल्या’ विद्यार्थ्याचे जर्नल मिळवावे, त्याच्या पानाखाली मोबाइलचा टॉर्च लावावा आणि वर आपले कोरे पान ठेवून गिरवावे. हे काम ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये, ऐरोली आणि घणसोलीच्या दरम्यान बसायला जागा मिळाल्यास, सहज होते. या पद्धतीचा फायदा असा की, परंपरा टिकून राहते. मी पाहिलेल्या बॅचमध्ये बहुतेकांच्या डासाला पाच पाय होते. कोणे एके काळी कोणाच्या तरी स्लाइडवरच्या डासाचा डावा मागचा पाय तुटलेला असावा, त्याने तो प्रामाणिकपणे तुटकाच दाखवला असावा आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचा प्रामाणिकपणा तेवढा वगळून पाय मात्र पाचच ठेवले. परीक्षेच्या टेबलावरच्या स्लाइडमधला डास सहा पायांवर धडधाकट उभा होता, पण त्याच्याकडे कोण पाहतो?

पेन्सिलीला टोक काढण्यात वेळ घालवू नये.

प्रमाणबद्धतेची काळजी पान संपत आल्यावर करावी. डोके मोठे काढावे, कारण डोळे काढायला मजा येते; मग वक्ष, मग उदर, आणि शेवटी उरलेल्या अर्ध्या इंचात पाय कोंबावेत. वास्तविक डासाचे पाय त्याच्या शरीराच्या लांबीहून अधिक असतात आणि मागची जोडी सर्वांत लांब असते, त्यामुळे आधी पायांसाठी जागा सोडून मगच पुसट रेषांनी शरीराची चौकट आखायला हवी. परंतु असे केल्यास आकृती खऱ्या डासासारखी दिसण्याचा धोका संभवतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अ‍ॅनॉफिलीसच्या मादीचे डोके. येथे सोंडेच्या दोन्ही बाजूंना असणारे मॅक्सिलरी पाल्प आखूड काढावेत, अगदी बोटभर सोंडेला नखाएवढे, आणि शीर्षक मात्र ठळक अक्षरांत ‘अ‍ॅनॉफिलीस, मादी’ असे द्यावे. मी हे विनोदाने लिहीत नाही; बहुतेक पानांवर हेच होते. अ‍ॅनॉफिलीसच्या मादीचे पाल्प जवळजवळ सोंडेएवढेच लांब असतात, आणि क्युलेक्सच्या मादीचे सोंडेच्या चौथ्या हिश्श्याहूनही आखूड असतात. स्लाइडवर या दोन माद्या ओळखण्याची याहून सोपी खूण नाही. म्हणजे तुम्ही सोंड चार सेंटिमीटर काढली, तर अ‍ॅनॉफिलीसचे पाल्पही चार सेंटिमीटरच्या आसपासच यायला हवेत, आणि ते सोंडेला चिकटून समांतर असल्यामुळे कमी भिंगाखाली तिघांची मिळून एकच जाड सोंड भासते. मग जास्त भिंग लावावे लागते, फोकसचा स्क्रू फिरवावा लागतो, पाल्पचे टोक कोठे संपते ते शोधावे लागते. ती मेहनत टाळली की आकृतीत क्युलेक्स बसते आणि शीर्षकात अ‍ॅनॉफिलीस. पाल्पची टोके फुगीर, गदेसारखी दिसली तर ती मादी नसून नर आहे. शृंगिकांवर झुपकेदार केस दिसले तरी तो नरच. एका जर्नलात झुपकेदार शृंगिका, आखूड पाल्प आणि ‘मादी’ हे लेबल असे सर्व काही एकाच डोक्यावर नांदत होते. असा प्राणी ना ठाण्याच्या खाडीकाठी सापडतो, ना जगात इतरत्र. तो फक्त गिरवलेल्या कागदावर जन्माला येतो. आणि त्या पानाखाली लाल शाईत सही होती! तारखेसह!

छायांकनासाठी बोट वापरावे. पेन्सिलीचा चुरा पंखावर सारवला की पान कसे ‘भरलेले’ दिसते. जीवशास्त्रीय आकृतीत सारवलेली छटा चालत नाही आणि गडदपणा केवळ ठिपक्यांनी दाखवतात, हा नियम पहिल्या वर्षीच सांगितलेला असतो. अ‍ॅनॉफिलीसच्या पंखांवर गडद आणि फिकट खवल्यांचे पट्टे असतात, विशेषतः पुढच्या कडेला, आणि नेमक्या त्या जागीच दाट ठिपके द्यायचे असतात; जेथे ठिपका दिला तेथे खरोखर काहीतरी गडद आहे, असा त्याचा अर्थ होतो. संपूर्ण पंख काळा केला की अर्थच पुसला जातो.

लेबलांच्या रेषांना बाण काढावेत, त्या एकमेकींना छेदू द्याव्यात आणि अवयवाच्या अलीकडेच, हवेत सोडून द्याव्यात.

शीर्षकाशेजारी ‘४०० पट’ असे लिहावे. दहा पटीचे नेत्रभिंग आणि चाळीस पटीचे वस्तुभिंग यांचा गुणाकार तेवढा येतो, तो आकृतीला चिकटवून मोकळे व्हावे. अ‍ॅस्करिसचे फलित अंडे साधारण ६० मायक्रोमीटर लांब धरले आणि तुम्ही ते पानावर ६ सेंटिमीटर काढले, तर ६०,००० भागिले ६०, म्हणजे तुमची आकृती १,००० पट झाली. ४०० हा तुम्ही कशातून पाहिले याचा आकडा आहे, किती मोठे काढले याचा नव्हे. पण मुळात कोणी पाहिलेलेच नसल्यामुळे हा आकडाही निरर्थकच. त्या अंड्याचे बाहेरचे उंचसखल आवरण तर सर्वांनी झेंडूच्या फुलाप्रमाणे पाकळ्यांनी सजवले होते, आतले गुळगुळीत जाड कवच गायब होते, आणि दोन्ही टोकांना कवच व पेशी यांच्यामध्ये दिसणारी चंद्रकोरीसारखी मोकळी जागा कोणालाच दिसली नव्हती.

वैज्ञानिक नाव मात्र दुहेरी अधोरेखित करावे, रंगीत पेनाने.

आता उपरोध पुरे. मौखिक परीक्षेत मी एका मुलाला त्याचेच पान दाखवून विचारले, की ही मादी अ‍ॅनॉफिलीस कशावरून? तो म्हणाला, ‘मॅडम, हेडिंगमध्ये लिहिलंय.’ यात चूक त्या मुलाची एकट्याची नाही. पाल्प न मोजता त्या पानावर सही करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंची अधिक आहे. तुम्ही कशावर सही करता? अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी ही शहरात मलेरिया पसरवणारी जात गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साठवलेल्या पाण्यात वाढते, क्युलेक्स गटाराच्या घाण पाण्यात. यांपैकीच कोणी उद्या महापालिकेच्या कीटक विभागात लागला आणि पकडलेल्या डासाला चुकीचे नाव दिले, तर धूर गटारावर मारला जाईल आणि टाकी तशीच राहील. विद्यार्थ्यांनो, आकृतीतील पाल्पची लांबी पट्टीने मोजा, स्लाइडवरच्या पाल्पशी ताडून पाहा, पाय सहा आहेत का ते बोट ठेवून मोजा आणि जे दिसले नाही ते काढू नका. आणि सरांनो, मॅडमांनो, तुमच्यासमोर मूळ स्लाइड लावलेली नसेल, तर ते पान तपासू नका, परत करा.