तीन तुकड्यांचा एल्बो: नव्वदला तीनने भागू नका

«तीन पीसचा ९० अंशाचा एल्बो करायचाय? सोपं आहे. ९० भागिले ३, म्हणजे ३०. त्याचा अर्धा १५. सगळे कट १५ अंशाचे. सेंटरलाइनच्या कमानीची लांबी काढा, तिचे तीन सारखे भाग करा, झाले तीन पीस. थोडंफार कमीजास्त झालं तर ग्राइंडर आहेच.»

हा हिशेब फिटरच्या मोबाइलवर इतका फिरलाय की नवी पोरं तो पाठ करूनच कामाला येतात. तो चुकीचा आहे, आणि ग्राइंडरने सावरता येईल इतका थोडा चुकीचा नाही.

आधी कोन. पाइप पीसमध्ये वळत नाही, जोडावर वळतो. प्रत्येक पीस सरळच असतो. तीन पीसमध्ये जोड दोन, म्हणून ९० अंशाचं वळण दोघांत वाटायचं: प्रत्येक जोडावर ४५. आता एका जोडावर दोन पीसची दोन तोंडं येतात आणि दोन्ही सारखीच तिरपी कापलेली असतात, म्हणून प्रत्येक तोंडाच्या वाट्याला २२.५ अंश. थोडक्यात, एकूण वळणाला चारने भागायचं.

```
θ = B / 4
L1 = R × tan θ
L2 = 2 × R × tan θ
```

`B` म्हणजे एकूण वळण, `R` म्हणजे सेंटरलाइनची त्रिज्या, `L1` कडेच्या पीसची सेंटरलाइनवरची लांबी आणि `L2` मधल्या पीसची.

१५ अंशाच्या चार तोंडांनी वळण मिळतं ६० अंशाचं. म्हणजे तो कट बरोबरच आहे, पण ६० अंशाच्या एल्बोसाठी. तेच पीस ओढूनताणून ९० ला बसवायला गेलात तर प्रत्येक जोडावर १५ अंशाची पाचर उघडी राहते. २०० एनबीच्या पाइपवर, बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, आतली बाजू टेकवली की बाहेरच्या बाजूला जवळजवळ ५९ मिमीची फट दिसते. ती कुठलाही वेल्डर भरणार नाही, आणि भरूही नये.

बँडसॉवर कोन लावताना आणखी एक गोष्ट पाहा. काही मशीनचा स्केल सरळ कटाला शून्य दाखवतो, काहींचा नव्वद. दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर २२.५ साठी ६७.५ लावावे लागतात.

आता लांबी, कारण खरा घोळ इथे आहे. कोन चुकला तर पहिल्याच टॅकला कळतं. लांबी चुकली तर एल्बो छान ९० अंशाचा दिसतो आणि लाइनवर बसवताना कमी पडतो.

तोच २०० एनबीचा पाइप घेऊ, त्रिज्या आठ इंची नॉमिनल मापाच्या दीडपट, म्हणजे ३०५ मिमी. २२.५ अंशाचा टॅन ०.४१४२. कडेचा पीस १२६.३ मिमी, मधला २५२.७. मधला कडेच्याच्या बरोबर दुप्पट, कारण त्याच्या दोन्ही टोकांना तिरपा कट आहे आणि कडेच्या पीसला एकाच टोकाला. तिन्हींची बेरीज ५०५.३ मिमी. कमानीची लांबी मात्र ४७९ च येते. ही तफावत मोजमापाची चूक नाही. सरळ पीसची सेंटरलाइन कमानीला बाहेरून टेकत जाते, त्यामुळे ती कमानीपेक्षा नेहमी लांबच असते.

समजा कोणी कट बरोबर २२.५ चे घेतले, पण पीस मात्र कमानीचे तीन सारखे भाग करून १५९.७ चे. मग सेंटर टू फेस, म्हणजे दोन्ही कडेच्या पीसच्या सेंटरलाइन जिथे छेदतात तिथून टोकापर्यंतचं अंतर, किती येईल? कडेच्या पीसची पूर्ण लांबी अधिक मधल्याची ०.७०७ पट, म्हणजे २७२.६ मिमी. हवे होते ३०५. दोन्ही बाजूंना ३२ मिमी कमी. फ्लँज आधीच लागले असतील तर हा एल्बो भंगारातच जातो.

कडेचे पीस यापेक्षा लांब ठेवले तर हरकत नसते, तेवढा सरळ पाइप पुढे जोडला जातो इतकंच. त्रिज्या ठरवतो तो मधला पीस, आणि त्यातच सूट नाही.

कापताना तीन वेगळे तुकडे घ्यायची गरजही नाही. एका सरळ पाइपवर दोनच तिरपे कट, एक उजवीकडे झुकलेला, दुसरा डावीकडे. मग मधला पीस १८० अंशात फिरवला की सगळ्या लांब बाजू एका ओळीत येतात आणि एल्बो तयार. आमच्या उदाहरणात व्यासाची अर्धी लांबी १०९.५५, तिला टॅनने गुणलं की ४५.४. सेंटरलाइनवरच्या लांबीपेक्षा आतली बाजू इतकी कमी आणि बाहेरची इतकी जास्त. म्हणून पाइपच्या एका रेषेवर टोकापासून १७१.७ आणि ३३३.६ वर खुणा, बरोबर समोरच्या रेषेवर ८१ आणि ४२४.४ वर, आणि मधल्या दोन रेषांवर १२६.३ आणि ३७९ वर. गॅस कट जितका पाइप खातो तितकाच जवळपास वेल्डसाठी ठेवलेल्या रूट गॅपने परत मिळतो, पण मोठ्या त्रिज्येच्या कामात तो हिशेब लिहून ठेवा.

चार खुणा जोडायला पुरेशा नाहीत. परीघ ६८८.३ मिमी, त्याचे १२ भाग केले की प्रत्येक ५७.४. मधल्या दोन रेषांवरच्या खुणांच्या पातळीपासून खुणेचं अंतर टोकाच्या रेषेवर ४५.४, पुढच्या रेषेवर ३९.३, त्यापुढे २२.७ आणि मग शून्य. पुढे हेच आकडे उलट क्रमाने, विरुद्ध दिशेला. कागदाचं टेम्प्लेट गुंडाळून खूण करायची असेल तर हीच वक्ररेषा कागदावर काढा. पाइपला लांबीची शिवण असेल तर ती या शून्याच्या रेषेवर घ्या. मधला पीस फिरला की तिची शिवण समोर जाते आणि दोन शिवणी एका रेषेत येत नाहीत.

«थोडं ग्राइंड करू» हे मात्र एका ठिकाणी खरं लागतं. गॅस टॉर्च पाइपला काटकोनात धरून वक्ररेषेवर फिरवली तर आतली आणि बाहेरची कड सारख्याच लांबीची कापली जाते. सॉ सपाट कापतो, टॉर्च तसं कापत नाही. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाडीची आतली कड आधी टेकते आणि बाहेर व्ही आपोआप उघडा राहतो. आतल्या बाजूला नेमकं उलटं होतं: बाहेरची कड टेकते आणि व्ही पाइपच्या आत उघडतो. ८.२ मिमी जाडीच्या पाइपला प्रत्येक तोंडावर हा फरक ३.४ मिमीचा आहे. टॅकच्या आधी बाहेरच्या बाजूची आतली कड घासून घ्या, म्हणजे लांबी वाढत नाही, आणि आतल्या बाजूला बाहेरून बेव्हल काढा, म्हणजे रूटपर्यंत इलेक्ट्रोड पोचतो.

«कुठल्याही लाइनला चालतो» असंही कोणी पुढे जोडतं. एएसएमई बी ३१.३ मधलं अनेक जोडांच्या माइटरच्या, म्हणजे अशा तिरप्या कटांनी जोडलेल्या वळणाच्या, दाबाचं सूत्र कटाचा कोन २२.५ अंशापर्यंत असेल तेव्हाच लागू होतं. तीन पीसचा ९० अंशाचा एल्बो त्या हद्दीवर उभा आहे. जास्त दाबाची लाइन असेल तर चार पीस घ्या, तिथे वळणाला सहाने भागायचं आणि कट १५ अंशाचा येतो.